आयसीटी पॉझिटिव्ह आली म्हणून मी अँटी-डी थांबवलं

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात बॉण्डवर रुजू होऊन मला जेमतेम दोन महिने झाले होते. तेव्हा एका केसपेपरवर मी लिहिलं, "आई सेन्सिटाइझ झालेली आहे, अँटी-डीचा उपयोग नाही." पुस्तकात हेच वाक्य सापडतं आणि तिथं ते बरोबरच आहे. त्या बाईच्या बाबतीत मात्र ते साफ चुकीचं होतं. नव्यानं पीएचसीत किंवा ग्रामीण रुग्णालयात जाणाऱ्यांसाठी ही एकच चूक सविस्तर लिहिते आहे. आरएचचं बाकीचं तुम्ही परीक्षेत लिहून आलाच आहात.

बाई बावीस वर्षांची, पहिलटकरीण, गट बी निगेटिव्ह, नवरा ओ पॉझिटिव्ह. बाराव्या आठवड्यात उपकेंद्रात नाव नोंदवलं तेव्हा आयसीटी निगेटिव्ह होती. सोमवारी पहाटे चारला बाळंत झाली, अडतिसाव्या आठवड्यात. बाळ बी पॉझिटिव्ह, रडणं छान, वजन छान. मी हुशारी दाखवली आणि नाळेच्या रक्ताची डीसीटी सांगताना आईची आयसीटीही परत करायला सांगितली. गरज नव्हती, पण वाटलं, होऊन जाऊ दे. मंगळवारी कागद आला: आयसीटी पॉझिटिव्ह, डीसीटी वीक पॉझिटिव्ह.

मला घाम फुटला. त्याला कारण होतं. इंटर्नशिपमध्ये मी खरा आजार पाहिला होता. त्या आईच्या आयसीटीचा टायटर ६४ होता. बाळाचं नाळेतलंच हिमोग्लोबिन ९, डीसीटी ठणठणीत पॉझिटिव्ह, यकृत-प्लीहा हाताला लागत होते आणि पहिल्याच दिवशी बाळ हळदीसारखं पिवळं झालं. रात्री ओ निगेटिव्ह रक्त आणून एक्स्चेंज ट्रान्सफ्युजन करावं लागलं. कागदावर तिचं ते दुसरं बाळंतपण होतं. मधे एकदा मेडिकल स्टोअरमधून गोळ्या आणून तिनं "पाळी आणली" होती, आणि ते गर्भारपण कुणी मोजलंच नव्हतं. (म्हणून "पोरं किती?" असं विचारूच नका. "किती वेळा दिवस गेले होते?" असं विचारा, आणि तेही सासू बाहेर गेल्यावर.) ते बाळ माझ्या डोक्यात इतकं घट्ट बसलं होतं की पॉझिटिव्ह हा शब्द दिसताच मी तेच चित्र पाहिलं.

आता सापळा नीट समजून घ्या. बाळाच्या आरएच पॉझिटिव्ह लाल पेशी आईच्या रक्तात आल्या की तिचं शरीर त्यांना परकं समजतं. पहिल्या भेटीत प्रतिसाद सावकाश येतो, आठवड्यांनी किंवा महिन्यांनी, आणि सुरुवातीला आयजीएम बनतं. ते वार ओलांडत नाही. पेशींची सगळ्यांत मोठी गळती बाळंतपणाच्या वेळी होते, म्हणून पहिलं बाळ बहुधा सुटतं. पण आठवण मागे राहते. पुढच्या खेपेला थोड्याशा पेशी आल्या तरी भराभर आयजीजी तयार होतं, ते वारेतून पलीकडे जातं आणि बाळाच्या पेशी फोडतं. ही आठवण तयार होण्याआधी आपण बाहेरून तयार अँटी-डी टोचतो. ते बाळाच्या पेशींवर जाऊन बसतं, प्लीहा त्या पेशी उचलून टाकते आणि आईच्या शरीराला प्रतिसाद उभा करायची संधी मिळत नाही. एवढ्यानंच प्रतिसाद का दबतो हे आजही पूर्ण उलगडलेलं नाही, पण दबतो हे नक्की.

आता एक गोष्ट पुन्हा वाचा: आपण जे टोचतो तेच अँटी-डी आहे, आणि आयसीटी जे शोधते तेही अँटी-डीच आहे. ते आईनं स्वतः बनवलं की आपण दंडात भरलं, हे चाचणीला कळत नाही. चाचणी फक्त "आहे" म्हणते.

मी मात्र कार्ड पाहून ठरवलं होतं की हिला गरोदरपणात इंजेक्शन मिळालंच नाही, कारण माता-बाल कार्डावर नोंद नव्हती. बुधवारी संध्याकाळी सहाला रक्तपेढीतल्या एका जुन्या टेक्निशियन काकांना वेगळ्याच कामासाठी फोन केला आणि बोलता बोलता ही केस सांगितली. त्यांनी एवढंच विचारलं, "टायटर किती?" मी केला नव्हता. "बाळ पिवळं आहे का? हिमोग्लोबिन?" बाळ गुलाबी होतं, हिमोग्लोबिन १६. मग म्हणाले, "मॅडम, सातव्या-आठव्या महिन्यात कुठं सुई घेतली का, ते विचारलं?"

वॉर्डात गेले. सासू लगेच म्हणाली, "देल्ली होती ना बाई! ते मायच्या घरी होती तवा तिकडच्या डॉक्टरनं मोठी सुई देल्ली. कापूस इकला होता म्हणून जमलं, नाहीतर एवढे पैसे कोठून आणतो?" कार्ड सासरी राहिलं होतं, सून माहेरी होती आणि तिकडच्या डॉक्टरांनी कोऱ्या चिठ्ठीवर लिहून दिलं होतं. चिठ्ठी पिशवीत, साडीच्या घडीत होती. त्यावर अँटी-डी ३०० मायक्रोग्रॅम, तारीख तिसाव्या आठवड्याची.

हिशेब सोपा आहे आणि तो एकदा हातानं करून पाहावा. टोचलेल्या अँटी-डीचं प्रमाण साधारण तीन आठवड्यांनी निम्मं होतं. ३०० चे तीन आठवड्यांनी १५०, सहा आठवड्यांनी ७५, आणि आठव्या आठवड्यात, म्हणजे तिच्या बाळंतपणाला, जवळपास ४७ मायक्रोग्रॅम उरतात. एवढ्यावर जेल कार्डवरची आयसीटी पॉझिटिव्ह येऊ शकते. त्यातलं थोडं वार ओलांडून बाळाच्या पेशींवरही बसतं, म्हणून डीसीटी हलकी पॉझिटिव्ह. पण बाळाच्या पेशी लक्षणीय फुटाव्यात इतकं ते नसतं. रात्री टायटर केला: २. टोचलेल्या अँटी-डीचा टायटर बहुधा ४ च्या आतच राहतो. बाईच्या स्वतःच्या अँटीबॉडीचा टायटर दोन-तीन आठवड्यांनी तपासला तर टिकतो किंवा चढतो, टोचलेल्याचा उतरत जातो.

पण इथं अजून एक खड्डा आहे. टायटर कमी आहे म्हणजे टोचलेलंच, असंही सिद्ध होत नाही. नुकत्याच सेन्सिटाइझ झालेल्या बाईचा टायटरही सुरुवातीला २ असू शकतो. दोन आठवडे थांबून कळेल, पण तोवर इंजेक्शनची वेळ टळलेली असते. म्हणून नियम असा धरा: टोचल्याचा इतिहास आहे किंवा नुसती शंका आहे, बाळ पॉझिटिव्ह आहे, तर इंजेक्शन द्यायचं. खरंच सेन्सिटाइझ असलेल्या बाईला दिलं तर पैसे वाया जातील, त्यापलीकडे फारसं काही नाही. नसलेल्या बाईला दिलं नाही, तर तिच्या पुढच्या प्रत्येक पॉझिटिव्ह बाळावर ते ओझं येईल, आणि ती आठवण पुसणारं औषध नाही.

आमच्या स्टोअरमध्ये एकच व्हायल होती. मी "गरज नाही" लिहिल्यामुळे फार्मासिस्टनं ती दुसऱ्या बाळंतिणीला देऊन टाकली होती, आणि त्याची काहीच चूक नव्हती. एक पेशंट जिल्ह्याला रेफर होत होता. त्याच ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हर दादांच्या हाती व्हॅक्सिन कॅरिअर दिला. बर्फाचे पॅक थोडे वितळवून घेतले, कारण हे औषध २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं, गोठवायचं नसतं. रात्री एक वाजता व्हायल आली. बाळंतपणाला एकोणसत्तर तास झाले होते. दंडात दिली. कुल्ल्यात दिलं तर बरेचदा चरबीत जातं आणि हळूहळू शोषलं जातं, म्हणून दंडच बरा.

त्या रात्री मी घड्याळाकडे बघत होते, जणू बाहत्तराव्या तासाला दार बंद होणार होतं. तसं नसतं, हे नंतर कळलं. १९६० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये फ्रेडा, गोरमन आणि पोलॅक यांनी तुरुंगातल्या स्वयंसेवकांवर प्रयोग केले. तिथल्या नियमांमुळे पेशी दिल्यावर अँटी-डीसाठी पुन्हा जायला त्यांना तीन दिवस लागत. परिणाम चांगला दिसला आणि तोच आकडा राहिला. उशीर करू नका, पण चौथ्या दिवशी लक्षात आलं तर "गेली वेळ" म्हणून हात झटकू नका. दहा दिवसांपर्यंत दिलं तरी थोडंफार संरक्षण मिळतं.

एका व्हायलनं भागतं का, हाही प्रश्न येतो. ३०० मायक्रोग्रॅम बाळाच्या सुमारे ३० मिलीलिटर रक्ताला पुरतात आणि साध्या बाळंतपणात गळती काही मिलीलिटरचीच असते. वार हातानं काढावी लागली, ती आधीच सुटली, किंवा पोटाला मार लागला, तर रक्ताचा नमुना क्लायहाउअर चाचणीसाठी पाठवा.

माझं एक मत आहे, पटो न पटो. अशा वेळी बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रिपोर्टचा फोटो टाकू नका. मी टाकला होता. अकरा जणांनी "सेन्सिटाइझ्ड, नो अँटी-डी" असं ठामपणे लिहिलं आणि इंजेक्शनबद्दल कुणीही विचारलं नाही. रक्तपेढीतला माणूस रोज हेच कागद बघतो, त्याचा नंबर घेऊन ठेवा.

दुसरं, गावात "निगेटिव्ह" म्हणजे चांगलं. एचआयव्ही निगेटिव्ह, सिकल निगेटिव्ह, मग गट निगेटिव्ह म्हटलं की आशाताईंसमोर बाई खूश होऊन घरी जाते. तिला सरळ सांगा, "तुझ्या रक्ताला बाळाचं रक्त परकं वाटू शकते, म्हणून ही सुई." तेवढं पुरतं.

सहा महिन्यांनी त्या बाईला बाळाच्या डोसाला आलेली पाहून मी पुन्हा आयसीटी केली. निगेटिव्ह. टोचलेलं उतरून गेलं होतं आणि तिनं स्वतःचं काही बनवलं नव्हतं. आता अठ्ठाविसाव्या आठवड्यात मी आधी आयसीटीसाठी रक्त काढते, मगच सुई देते, कारण उलट केलं तर तो रिपोर्ट वाचताच येत नाही. आणि रिकाम्या व्हायलचं लेबल सोलून कार्डावर चिकटवते, शेजारी तारीख घालून, आणि ते कार्ड माहेरी जाताना पिशवीत ठेवलं का, हे सासूलाच विचारते.