रेव्हिजन सी मशीनवर जाण्याआधी: बेअरिंग हाउसिंगच्या दोन बोअरची तयारी

नमस्कार दादा,

बिडाच्या बेअरिंग हाउसिंगचं रेव्हिजन सी ड्रॉइंग सोबत पाठवतो आहे. पहिला जॉब बांधण्याआधी काय काय तयार ठेवायचं आणि कुठल्या मापाला खरोखर जपायचं, हे क्रमाने लिहितो. तीन मापं सोडली तर बाकी ड्रॉइंग दिसायला आधीसारखंच आहे, म्हणूनच चूक होण्याची शक्यता जास्त आहे.

सगळ्यात आधी मशीनजवळ आणि तपासणीच्या टेबलावर असलेल्या रेव्हिजन बीच्या प्रिंट काढून टाका. टायटल ब्लॉकमध्ये सी दिसला म्हणून थांबू नका. वरच्या रेव्हिजन तक्त्यात तीन ओळी आहेत, त्या प्रत्येकीचा त्रिकोण ड्रॉइंगवर शोधून बोट ठेवा. पहिला ए-बोअरच्या व्यासावर आहे, दुसरा त्याच बोअरच्या तळाच्या कोपऱ्यातल्या रेडियसवर आणि तिसरा पायाच्या रुंदीवर. मग प्रोग्रॅमच्या सुरुवातीची नोंद, सेटअप शीट आणि तपासणीचा तक्ता, तिन्हींवर सी लिहा. ड्रॉइंग नवं आणि तक्ता जुना राहिला, तर चांगला जॉब नापास होतो आणि वाईट जॉब पास होतो.

आता पहिला बदल. दोन्ही बोअर ६२चेच आहेत आणि दोन्हींत ६२०६ बेअरिंग बसतं. आधी दोन्ही एच७ होते, म्हणजे ६२.००० ते ६२.०३०. आता ए-बोअर जे७ झाला आहे, म्हणजे ६१.९८८ ते ६२.०१८. बी-बोअर एच७च आहे आणि तो मुद्दाम तसा ठेवला आहे. बेअरिंगचा बाहेरचा व्यास ६१.९८७ ते ६२.००० असतो. जुन्या मापात बोअर वरच्या टोकाला आणि बेअरिंग खालच्या टोकाला गेलं, की त्रेचाळीस मायक्रॉनचा सैलपणा राहायचा. शाफ्टवरच्या असमतोलामुळे बेअरिंगची बाहेरची रिंग मग बोअरमध्ये हळूहळू फिरते आणि बिडाची भिंत झिजवते. उघडून पाहिलं तर बोअरमध्ये चकचकीत किंवा तांबूस पट्टा दिसतो. जे७मुळे हा सैलपणा जास्तीत जास्त एकतीस मायक्रॉनवर येतो आणि बहुतेक जोड्यांमध्ये त्याहून बराच कमी राहतो.

बी-बोअर मात्र घट्ट झालेला चालणार नाही. दोन बेअरिंगमधलं अंतर २०० मिलिमीटर आहे. शाफ्ट हाउसिंगपेक्षा चाळीस अंशांनी जास्त तापला, तर तो साधारण ०.१ मिलिमीटर लांबतो. ती लांबी बी-बाजूचं बेअरिंग सरकून सामावून घेतं. ते अडकलं तर दोन्ही बेअरिंग एकमेकांवर दाबली जातात आणि गरम होऊन लवकर जातात. म्हणून बी ६२.०००च्या खाली एक मायक्रॉनही नको. ६२.००० ते ६२.०१८ हा पट्टा दोन्हींना चालतो, तेव्हा एकाच ऑफसेटने दोन्ही काढावेसे वाटेल. तसं केलंत तर हातात अठरा मायक्रॉनच उरतात आणि इन्सर्ट झिजला की एखादा बोअर बाहेर जाणारच. ए-साठी ६२.००३ आणि बी-साठी ६२.०१५ धरा, प्रत्येकाला वेगळा ऑफसेट द्या. मग दोन्हीकडे पूर्ण तीस मायक्रॉन मिळतात.

गेजचंही तसंच आहे. जुना एच७ प्लग गेज ए-साठी वापरू नका. ६१.९९५चा बोअर बरोबर आहे, पण त्यात गो बाजू जाणार नाही. ६२.०२५चा चुकीचा आहे, तरी नो-गो अडकेल आणि जॉब पास वाटेल. जे७चा गेज येईपर्यंत ए डायल बोअर गेजने मोजा आणि गेज ६२च्या सेटिंग रिंगवर शून्य करा. मोजण्याआधी जॉब थंड होऊ द्या. तो वीस अंशांपेक्षा पंधरा अंशांनी गरम असेल तर ६२चा बोअर सुमारे दहा मायक्रॉन मोठा दिसतो, म्हणजे आपल्या टॉलरन्सचा तिसरा हिस्सा नुसत्या उष्णतेत जातो.

शेवटचा कट घेण्याआधी क्लॅम्प सैल करून परत हलके आवळा. ताणलेल्या अवस्थेत गोल निघालेला बोअर उघडल्यावर अंडाकृती होतो, म्हणून शेवटचं मोजमाप क्लॅम्प काढूनच, दोन आडव्या-उभ्या दिशांत आणि दोन खोलींवर घ्या. जॉब तीन जॉच्या चकात धरणार असाल तर तीन कोपऱ्यांचा आकार येऊ शकतो. तो दोन टोकांच्या गेजला दिसतच नाही, तिथे तीन टोकांचा मायक्रोमीटर लागेल.

दुसरा बदल टूलशी संबंधित आहे आणि तोच सहज नजरेतून सुटतो. ए-बोअरच्या तळाशी जो खांदा आहे, त्याच्या कोपऱ्यात आधी १.५ पर्यंत रेडियस चालायचा, आता जास्तीत जास्त १.० आहे. ६२०६च्या कडेचा चॅम्फर कमीत कमी १ मिलिमीटरचा असतो. कोपरा त्याहून मोठा राहिला तर बेअरिंग खांद्यावर न टेकता रेडियसवर चढून बसतं. ठोकताना ते घट्ट बसल्यासारखं वाटतं, पण खांद्याशी फट राहते. १.२ नोजचा इन्सर्ट काढून ०.८चा लावा. बेअरिंग बसवून खांद्याच्या बाजूने ०.०३चा फीलर घालून पाहा, तो कुठेही शिरता कामा नये. एकाच बाजूने शिरला तर खांदा बोअरला काटकोनात नाही, म्हणजे चूक रेडियसची नसून फेसिंगची आहे.

दोन बोअर एका रेषेत असणं हे तिसरं जपायचं माप, त्यात बदल नाही. ए-बोअर आणि मधलं ५४चं भोक एकाच सेटिंगमध्ये काढा. मग जॉब न उघडता टेबल १८० अंश फिरवा आणि बी-कडून त्या ५४च्या भोकात डायल लावा. टॉलरन्स ०.०२ व्यासाचा आहे, म्हणजे अक्ष ०.०१च सरकू शकतो आणि तेवढा सरकला की डायल पूर्ण फेरीत ०.०२ दाखवतो. म्हणून डायलचा फरक ०.०१च्या आत आणूनच बी कापायला घ्या.

बाकी ठिकाणी वेळ घालवू नका. ५४च्या भोकाच्या व्यासात काहीच बसत नाही. पायाच्या ११० रुंदीवर आधी ±०.०५ होतं, त्याची गरज नव्हती. आता ते सर्वसाधारण टॉलरन्समध्ये, म्हणजे ±०.३ मध्ये आहे. अक्षाची उंची जोडणीत शिमने जुळवली जाते, तिथेही सर्वसाधारण माप पुरेसं आहे.

रेव्हिजन बीचे तयार जॉब शिल्लक असतील तर सरसकट भंगारात टाकू नका. ए-बोअर ६२.०१८ पर्यंत आणि कोपरा १.० पर्यंत असेल तर तो जॉब सीमध्ये बसतो. बाकीच्यांना लाल टॅग लावून वेगळे ठेवा आणि प्रत्येकावर मोजलेलं माप लिहा. कोपरा मोठा असलेले परत फेस करून वाचतात का, हे खांद्याच्या खोलीवर ठरेल. ती मोजून मला कळवा.