नऊ रुपयांचे इन्स्टॉल महाग का पडले

ॲप स्टोअरच्या शोधात जाहिरात कशी चालते, हे मी लग्नाचा बायोडाटा तयार करणाऱ्या एका छोट्या आयफोन ॲपसाठी काम करताना शिकले. ॲप डाउनलोड करणे फुकट होते आणि हवा तो नमुना निवडून स्वच्छ पीडीएफ काढायची असल्यास 199 रुपये भरावे लागत. कमिशन आणि कर वजा जाता त्यातले साधारण 140 रुपये आमच्या हाती येत. खालचे आकडे हिशोब सोपा व्हावा म्हणून गोल केले आहेत, परंतु त्यांचे परस्परांशी असलेले प्रमाण आम्ही अनुभवले तसेच आहे.

ॲपलने ही जाहिरात 2016 मध्ये अमेरिकेत सुरू केली. तिचे नाव बरीच वर्षे सर्च ॲड्स होते, 2025 पासून ते ॲपल ॲड्स झाले. येथे पैसे जाहिरात दिसल्याचे नव्हे, तर कोणी तिच्यावर टॅप केल्याचे लागतात. आपण प्रत्येक शोधशब्दासाठी एका टॅपची कमाल बोली लावतो आणि इन्स्टॉलचा खर्च त्यातून आपोआप ठरतो: टॅपचा सरासरी दर भागिले टॅप करणाऱ्यांपैकी ॲप उतरवून घेणाऱ्यांचे प्रमाण. टॅप 7 रुपयांना पडला आणि 100 टॅपमागे 35 जणांनी ॲप घेतले, तर एक इन्स्टॉल 20 रुपयांना पडते. या भागाकारातला वरचा आकडा बोलीतून बदलतो आणि खालचा मुख्यतः स्क्रीनशॉटमधून, हे कळायला मला दोन महिने लागले.

सुरुवातीला मी `biodata` हा एकच शब्द ब्रॉड मॅच प्रकारात टाकला होता, म्हणजे त्याच्याशी मिळत्याजुळत्या शोधांवरही जाहिरात दिसावी अशी मुभा दिली होती. पहिल्याच पंधरवड्यात इन्स्टॉल 9 रुपयांना पडू लागले आणि कार्यालयात सर्वांना आनंद झाला. विक्रीचा आकडा मात्र जागचा हलेना. शोधशब्दांचा अहवाल उघडल्यावर कारण दिसले: बहुतेक टॅप `biodata format` आणि `biodata form for job` अशा शोधांवरून आले होते. आपल्याकडे नोकरीच्या अर्जालाही बायोडाटाच म्हणतात, हे मराठी माणसाला सांगायला नको, तरीही ते माझ्या ध्यानात आले नव्हते. नोकरी शोधणारा मुलगा ॲप उघडे, त्यात गोत्र आणि रास विचारणारे रकाने पाही आणि निघून जाई. अशा 100 इन्स्टॉलमागे दोघेच पैसे भरत, म्हणजे एका इन्स्टॉलमागे आमची कमाई 2 रुपये 80 पैसे आणि खर्च 9 रुपये. याउलट `marathi biodata` या शोधाचे इन्स्टॉल 20 रुपयांना पडत होते, पण तेथे 100 पैकी 16 जण पैसे भरत आणि कमाई 22 रुपये 40 पैसे होई.

यानंतर मांडणी बदलली. नवे शब्द हुडकण्यासाठी एक वेगळी मोहीम ठेवली, ज्यात ब्रॉड मॅच आणि सर्च मॅच, म्हणजे ॲपलने स्वतःच शब्द जुळवण्याची सोय, कमी बोलीवर चालू असे. त्यात कामाचा शब्द सापडला की तो दुसऱ्या मोहिमेत एक्झॅक्ट मॅच, म्हणजे नेमक्या त्याच शोधासाठीचा शब्द म्हणून जाई आणि शोधमोहिमेत नकारार्थी, म्हणजे ज्यावर जाहिरात दिसू नये असा शब्द म्हणून नोंदवला जाई, नाहीतर एकाच शब्दाचे टॅप दोन्हीकडे विभागले जाऊन हिशोब लागत नाही. `job`, `resume` आणि `form` हे शब्द दोन्हीकडे नकारार्थी टाकले.

पैसे भरणारा ग्राहक कोणत्या शब्दावरून आला हे जाहिरातीच्या पटलावर दिसत नाही. त्यासाठी ॲपमध्ये ॲड सर्व्हिसेस ही ॲपलची सोय जोडावी लागते. ॲप पहिल्यांदा उघडले की एक टोकन मिळते, ते 24 तासांच्या आत ॲपलच्या सर्व्हरला पाठवले की उत्तरात `campaignId`, `adGroupId` आणि `keywordId` मिळतात आणि ते विक्रीच्या नोंदीशी जोडता येतात. सर्च मॅचमधून आलेल्या इन्स्टॉलला `keywordId` मिळत नाही, म्हणून तेथे फार पैसे ठेवू नयेत. नवख्याने मोहीम सुरू करण्याआधी हेच काम करून घ्यावे. आम्ही ते नंतर केले, त्यामुळे पहिल्या दोन महिन्यांचा खर्च कोणत्या शब्दावर वाया गेला हे आजही नेमके सांगता येत नाही.

आता स्क्रीनशॉट. ॲप स्टोअरमध्ये दहापर्यंत स्क्रीनशॉट देता येतात, पण शोधाच्या यादीत उभ्या चित्रांपैकी पहिली तीनच दिसतात आणि जाहिरातही त्यांतूनच बनते. आमचे पहिले चित्र मोबाइल क्रमांक मागणाऱ्या पानाचे होते, कारण ॲपमध्ये ते पान पहिले येत असे! ते काढून तेथे पूर्ण झालेला देवनागरी बायोडाटा ठेवला, दुसऱ्या चित्रात माहिती भरण्याचे रकाने आणि तिसऱ्यात व्हॉट्सॲपवर पाठवलेली पीडीएफ. `marathi biodata` वर ॲप घेणाऱ्यांचे प्रमाण 35 वरून 50 टक्क्यांवर गेले आणि बोलीला हात न लावता इन्स्टॉल 20 वरून 14 रुपयांवर आले.

हेच चित्र सर्वांना चालत नाही. आमच्या नमुन्यावर शिरोभागी गणपती होता आणि `buddhist biodata` शोधणारे टॅप करून परत जात होते. कस्टम प्रॉडक्ट पेज ही सोय अशा वेळी उपयोगी पडते: वेगळ्या स्क्रीनशॉटचे स्वतंत्र पान करून ते एका ॲड ग्रुपला, म्हणजे मोहिमेतल्या शब्दांच्या एका गटाला जोडता येते. त्या पानाची ॲपलकडून तपासणी होते, परंतु ॲपची नवी आवृत्ती काढावी लागत नाही. पान ॲड ग्रुपला जोडले जाते, एकेका शब्दाला नाही, म्हणून एका ग्रुपमध्ये एकाच हेतूचे शब्द ठेवावेत.

स्क्रीनशॉट आकर्षक करण्यालाही मर्यादा आहे. एकदा आम्ही सोनेरी किनारीचे, खास जास्त दराचे नमुने पहिल्या तीन चित्रांत लावले. इन्स्टॉल आणखी स्वस्त झाले, पण दर पाहून लोक परतू लागले आणि पैसे भरणारे 16 वरून 9 वर आले. चित्र बदलल्यावर इन्स्टॉलच्या दराबरोबर हा आकडाही पाहावा, आणि किमान शंभरेक टॅप होईपर्यंत निष्कर्ष काढू नये. वीस टॅपमध्ये दोन इन्स्टॉल इकडचे तिकडे झाले तरी टक्केवारी दहाने हलते.

आपल्याच ॲपच्या नावावरची जाहिरात सर्वांत स्वस्त दिसते, कारण नाव टाइप करणारा बहुधा ॲप घेणारच असतो. आम्ही ती एक आठवडा बंद ठेवली, तेव्हा एकूण इन्स्टॉल जवळपास तेवढेच राहिले. त्या काळात प्रतिस्पर्धी आमच्या नावावर बोली लावत नव्हते म्हणून ती बंदच ठेवली. ते लावू लागले तर हा प्रयोग पुन्हा करावा लागेल. पटलावरच्या इन्स्टॉलमध्ये पूर्वी ॲप काढून टाकून पुन्हा घेणारेही मोजलेले असतात, त्यांचा रकाना वेगळा उघडून पाहावा.

गूगल प्लेवर यातले बरेच लागू होत नाही. तेथील जाहिरात गूगल ॲड्समधील ॲप कॅम्पेनमधून जाते आणि शोधशब्द आपल्याला निवडता येत नाहीत.

बोलीची कमाल मर्यादा आम्ही आता उलट्या बाजूने काढतो. इन्स्टॉलमागे कमाई 22 रुपये 40 पैसे आणि टॅप करणाऱ्यांपैकी निम्मे ॲप घेतात, म्हणजे एका टॅपची किंमत आमच्या लेखी 11 रुपये 20 पैसे. तुळशीचे लग्न झाले की स्थळे पाहण्याला वेग येतो, स्पर्धक बोली वाढवतात आणि टॅपचा दर याच्याही वर जातो. त्या आठवड्यांत आम्ही बोली 10 रुपयांवर थांबवतो आणि काही शोध हातचे जाऊ देतो.