क्लास ए ट्रान्सफॉर्मर कपल्ड अ‍ॅम्प्लिफायरची एफिशियन्सी: ५०% येतात कुठून आणि हातात किती पडतात

एकच ट्रान्झिस्टर, १२ व्होल्ट सप्लाय, ८ ओहमचा स्पीकर आणि १५० मिलीअँप बायस असं धरून चालू.

आधी सिग्नल न देता सप्लायचा करंट मोजा. ०.१५ गुणिले १२ म्हणजे १.८ वॅट, ही झाली इनपुट पॉवर. ट्रान्झिस्टर पूर्ण सायकल चालू असल्यामुळे सिग्नल दिल्यावरही हा करंट साधारण तेवढाच राहायला हवा, काटा हलला तर वेव्ह कुठेतरी कापली जातेय असं समजा.

आता खरी अडचणीची जागा, म्हणजे लोड लाइन. मी कितीतरी दिवस कलेक्टर १२ व्होल्टच्या वर जाणारच नाही असं धरून बसलो होतो आणि उत्तर दरवेळी २५% यायचं. ते गणित कलेक्टरला रेझिस्टर लावलेल्या सर्किटचं आहे, ते इथे अजिबात वापरू नका. प्रायमरीला डीसी रेझिस्टन्स जवळपास नसतो, म्हणून सिग्नल नसताना कलेक्टर १२ वरच उभा असतो, आणि सिग्नल आला की करंट कमी होताना वाइंडिंगमध्ये उलट दिशेचं व्होल्टेज तयार होऊन ते सप्लायमध्ये मिळतं आणि कलेक्टर पार २४ पर्यंत चढतो. म्हणून ट्रान्झिस्टर २४ पेक्षा बऱ्यापैकी जास्त व्होल्टेज सहन करणाराच घ्या.

पण हा पूर्ण स्विंग मिळायला कलेक्टरला ८ ओहम नाही, १२ भागिले ०.१५ म्हणजे ८० ओहम दिसले पाहिजेत. लोड टर्न्स रेशोच्या वर्गाने वाढतो, वर्गाने बरं का, मी रेशो सरळ १० घेऊन एक ट्रान्सफॉर्मर गुंडाळून वाया घालवलाय. इथे वर्ग १०, म्हणून रेशो ३.१६. आता पीक १२ व्होल्ट आणि पीक ०.१५ अँप, गुणाकाराचा अर्धा ०.९ वॅट, १.८ च्या बरोबर ५०%. याच्या वर क्लास ए मध्ये साइन वेव्हला जाता येत नाही.

प्रत्यक्षात ट्रान्झिस्टर शून्यावर येत नाही. कलेक्टर १ ते २३ फिरला तर:

```
η = 50 × ((Vmax − Vmin)/(Vmax + Vmin))²
  = 50 × (22/24)² ≈ 42 %
```

ट्रान्सफॉर्मरच ८०% चा असेल तर स्पीकरला साधारण ०.६ वॅट पोचतात, म्हणजे ३४%. आणि प्रायमरीतून सतत डीसी जातोय, त्यामुळे कोरला एअर गॅप नसेल तर कोर सॅच्युरेट होतो आणि बास आधी बिघडतो.

मोजताना स्पीकरऐवजी ८ ओहमचा रेझिस्टर लावा, १ किलोहर्ट्झ द्या, स्कोपवर वेव्ह कापली जायच्या जरा आधी थांबा. पीक टू पीकचा वर्ग भागिले ६४ ही आउटपुट पॉवर, म्हणजे वरच्या केसमध्ये साधारण ६.२ व्होल्ट दिसले पाहिजेत. सेकंडरी उघडी ठेवून सिग्नल कधीही देऊ नका, कलेक्टरला स्पाइक बसून ट्रान्झिस्टर जातो.

हीटसिंक मात्र आवाज बंद असतानाच्या हिशोबाने निवडा, कारण तेव्हा पूर्ण १.८ वॅट ट्रान्झिस्टरमध्येच जिरत असतात.