दुसऱ्याच्या तोंडी जाणारं लिहिताना : एका स्क्रिप्टचा हिशोब

यूट्यूबवरच्या क्रिएटरसाठी मी गेली चार वर्षं मराठी स्क्रिप्ट लिहिते. या कामात शिरणारे बरेच जण मला पहिला प्रश्न विचारतात, 'एका स्क्रिप्टचे किती घ्यायचे?' त्याचं उत्तर शोध किती घ्यावा लागतो आणि समोरच्याचा आवाज पकडायला किती वेळ जातो, यावर ठरतं. म्हणून सुरुवातीच्या काळातल्या माझ्या एकाच स्क्रिप्टची गोष्ट सांगते. विषय होता पानशेतचा पूर.

चॅनेल इतिहासाचं, चालवणारा मुलगा साताऱ्याकडचा, माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी लहान. 'ताई, बारा मिनिटांचा व्हिडिओ हवा, पानशेतवर,' एवढाच त्याचा ब्रीफ. मी एक हजार रुपये सांगितले आणि तो लगेच हो म्हणाला. इतक्या लगेच होकार आला म्हणजे काहीतरी चुकलंय, हे तेव्हा कळायला हवं होतं.

शोधाला बसले तेव्हा आधी या विषयावरचे आधीचे व्हिडिओ पाहिले. हे करावंच लागतं, पण माहितीसाठी नाही. लोकांना काय आधीच सांगून झालंय आणि कुठे सगळे एकाच वाक्यावरून उड्या मारत पुढे जातात, हे त्यातून दिसतं. पानशेतच्या बाबतीत जवळजवळ सगळे म्हणत होते, 'पानशेत धरण फुटलं आणि पुणं वाहून गेलं.' नकाशा उघडला तर लक्षात येतं की पानशेत आंबी नदीवर आहे आणि पानशेत व पुणं यांच्या मध्ये मुठेवर खडकवासला उभं आहे. १२ जुलै १९६१ ला सकाळी पानशेतची मातीची, अजून पूर्ण न झालेली भिंत गेली. तिचं पाणी खडकवासल्यात आलं, त्या जुन्या दगडी धरणाने काही तास तग धरला आणि दुपारी तेही फुटलं. म्हणजे त्या दिवशी धरणं दोन फुटली. माझी स्क्रिप्ट मला त्या मधल्या तासांत सापडली.

हे सापडल्यावर पुढचा शोध सोपा झाला, कारण आता मला ठरावीक प्रश्नांची उत्तरं हवी होती. आदल्या रात्री भिंत वाचवायला लष्कराचे जवान वाळूची पोती टाकत होते, ते कुठे आणि कशासाठी? पाणी कोणत्या पेठांत शिरलं? खडकवासला रिकामं झाल्यावर शहराने प्यायचं पाणी कुठून आणलं? त्यासाठी ग्रंथालयात जाऊन त्या आठवड्यातली वर्तमानपत्रं चाळली. धरणफुटीची चौकशी आधी न्या. बावडेकर आणि नंतर न्या. नाईक यांच्याकडे होती, तिच्या निष्कर्षांबद्दल काय लिहिलं गेलं तेही वाचलं. मग गोखलेनगरमधल्या एका आजींशी बोलले. पूरग्रस्तांसाठी उभारलेल्या वसाहतींपैकी ती एक. आजी म्हणाल्या, 'पाणी उतरलं तरी घर सापडेना. गाळात हात घालून तांब्याचा हंडा ओढून काढला, आणि तो धुवायला पाणी नाही.' पूर येऊन गेलेल्या शहरात हंडा धुवायला पाणी नव्हतं, हे वाक्य मी जसंच्या तसं शेवटाकडे ठेवलं.

मृतांचा आकडा मात्र प्रत्येक ठिकाणी वेगळा होता. नवीन माणूस अशा वेळी सगळ्यात मोठा आकडा उचलतो, कारण तो थंबनेलवर शोभतो. मी आकडा गाळला आणि स्क्रिप्टमध्ये आकड्यांत एकमत नाही एवढंच लिहिलं. क्रिएटरच्या तोंडून चूक गेली तर कमेंटमध्ये शिव्या त्याला पडतात, आपलं नाव कुठेच नसतं. म्हणून प्रत्येक दाव्यापुढे तो कुठून आला हे मी वेगळ्या रकान्यात लिहिते आणि ज्याला दोन ठिकाणांहून दुजोरा नाही त्यावर पिवळा रंग देते. पिवळं वाक्य ठेवायचं की नाही, हे तो आणि मी फोनवर ठरवतो.

एवढं सगळं करून मी १९०० शब्दांचा ड्राफ्ट पाठवला. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन. 'ताई, माहिती एक नंबर आहे. पण हे माझ्या तोंडात बसत नाही.'

तो बरोबर होता. माझं पहिलं वाक्य असं होतं : '१२ जुलै १९६१ रोजी संततधार पावसामुळे निर्माणाधीन पानशेत धरणाच्या भिंतीला भगदाड पडून प्रचंड जलप्रवाह खडकवासल्याच्या दिशेने झेपावला.' वाचायला ठीक, पण कॅमेऱ्यासमोर हे वाक्य एका श्वासात कुणी म्हणू शकत नाही.

मग मी जे आधी करायला हवं होतं ते केलं. त्याचे तीन व्हिडिओ निवडले : एक सगळ्यात जास्त चाललेला, एक अगदी नवा आणि एक लाइव्ह, ज्यात तो स्क्रिप्टशिवाय बोलतो. प्रत्येकातली चार-चार मिनिटं कानाने ऐकून हाताने उतरवली. आपोआप येणाऱ्या कॅप्शनवर मी विसंबत नाही, कारण त्यात मराठी शब्द चुकतात आणि नेमके 'अं', 'म्हणजे', 'बघा' असे शब्द गळतात. आपल्याला तर तेच हवे असतात.

उतरवल्यावर त्याचं बोलणं कागदावर दिसायला लागलं. मिनिटाला तो साधारण ११८ शब्द बोलतो. इंग्रजीसाठी मिनिटाला १५० शब्द हा जो ठोकताळा सगळीकडे सांगतात तो मराठीला लागू पडत नाही, कारण आपले प्रत्यय शब्दाला चिकटतात आणि शब्द लांबतो. बारा मिनिटांतलं एक मिनिट नुसत्या जुन्या फोटोंचं धरलं, तर अकरा मिनिटं गुणिले ११८, म्हणजे जेमतेम १३०० शब्द. माझे सहाशे शब्द जास्तच होते. त्याचं सगळ्यात लांब वाक्य चौदा शब्दांचं निघालं. 'करण्यात आलं' तो कधीच म्हणत नाही, 'केलं' म्हणतो. वळणावर 'बघा' येतं. प्रेक्षकांना तो 'मित्रांनो' म्हणत नाही, 'आपण' म्हणतो. आणि धक्का द्यायचा असेल तेव्हा क्रियापद आधी आणतो : 'आणि फुटलं धरण.'

तेच पहिलं वाक्य मग असं झालं : 'तारीख, बारा जुलै एकोणीसशे एकसष्ट. सकाळची वेळ. पानशेतची भिंत गेली. पण बघा, पाणी अजून पुण्यात आलेलं नाही. मध्ये खडकवासला उभं आहे.' आकडे अक्षरी लिहिलेत, कारण टेलिप्रॉम्प्टरवर '१९६१' दिसलं की वाचणारा क्षणभर अडखळतो आणि एडिटरला तिथे कट मारावा लागतो.

सूर जुळवताना एक गोष्ट मला उशिरा कळली. लकबींची मात्रा सांभाळावी लागते. दुसऱ्या ड्राफ्टमध्ये मी 'बघा' अकरा वेळा घातलं होतं. तो म्हणाला, 'हे माझी नक्कल केल्यासारखं वाटतंय.' त्याच्या उतरवलेल्या दर चार मिनिटांत ते दोनदाच होतं. तेव्हापासून मी लकबी पेरत नाही. वाक्याची लांबी आणि माहिती सांगायचा क्रम त्याचा ठेवला की लकबी तो बोलताना स्वतःच घालतो. पाठवण्याआधी पूर्ण स्क्रिप्ट मोठ्याने वाचून मोबाइलवर रेकॉर्ड करते. जिथे मी अडखळते तिथे तोही अडखळणार.

आता पैशांकडे येते. त्या स्क्रिप्टला शोधाचे नऊ तास, पहिल्या ड्राफ्टला पाच, नव्याने लिहायला तीन आणि फोनवर एक, असे अठरा तास गेले. हजार भागिले अठरा, म्हणजे तासाला सुमारे ५५ रुपये. ग्रंथालयात जायचं पेट्रोल वेगळंच.

त्यानंतर मी स्क्रिप्टचे दोन प्रकार केले. क्रिएटरने स्वतः मुद्दे आणि संदर्भ द्यायचे, मी फक्त त्याच्या आवाजात बांधायचं, त्याला माझे सहा तास लागतात. शोध माझा असेल तर सोळा. तेव्हा मी तासाचे २५० धरले होते, म्हणजे पहिल्याचे १५०० आणि दुसऱ्याचे ४०००. प्रवास किंवा मुलाखत असेल तर तो खर्च वर. हे आकडे माझ्या तासांवरून आलेत, तुमचे वेगळे येतील. पहिल्या तीन स्क्रिप्टना घड्याळ लावून तास लिहा, तोवर दर पक्का करू नका.

शब्दामागे दर मी घेत नाही. पानशेतच्या स्क्रिप्टमध्ये खरं कौशल्याचं काम होतं ते १९०० चे १३०० करण्याचं. शब्दाच्या दराने त्या कामाचे पैसे मिळण्याऐवजी सहाशे शब्दांचे गेले असते. व्ह्यूजवर टक्केवारी देतो म्हणणाऱ्यांनाही मी नाही म्हणते, कारण थंबनेल आणि टायटल माझ्या हातात नसतात.

सगळ्यात जास्त भांडणं 'थोडे बदल' या दोन शब्दांवरून होतात. एकाने ड्राफ्ट आल्यावर सांगितलं, 'आता हे सगळं दोष कुणाचा या अंगाने करू.' तो बदल नाही, ती नवी स्क्रिप्ट आहे. म्हणून मी आधी दहा ओळींचा आराखडा पाठवते : सुरुवात कुठून, वळण कुठे, शेवट कशावर. तो मान्य झाल्यावरच लिहायला घेते. आराखड्याच्या आतले शब्द, वाक्यं, उदाहरणं बदलायची असतील तर एक फेरी फुकट. आराखडाच बदलला तर अर्धा दर पुन्हा.

हे सगळं मी व्हॉट्सॲपवर एका मेसेजमध्ये लिहिते आणि समोरच्याचं 'चालेल' आल्याशिवाय काम सुरू करत नाही. मेसेज साधा असतो : 'विषय अमुक, बारा मिनिटं, शोध माझा. ४००० रुपये. निम्मे आराखडा मान्य झाल्यावर, निम्मे अंतिम स्क्रिप्ट दिल्यावर. एक फेरी बदल यात धरली आहे.' शेवटचा हप्ता 'स्क्रिप्ट दिल्यावर' असा मुद्दाम लिहिते. आधी मी 'व्हिडिओ आल्यावर' लिहायचे. एका चॅनेलने शूटिंग केलं, एडिटिंग अडकलं आणि माझे पैसे सात महिने लटकले. व्हिडिओ शेवटपर्यंत आलाच नाही.

नमुना म्हणून पूर्ण स्क्रिप्ट फुकट मागणारे पुष्कळ भेटतात. त्यांना मी त्यांच्याच एखाद्या जुन्या व्हिडिओची पहिली पंचेचाळीस सेकंदं नव्याने लिहून देते, साधारण नव्वद शब्द. आवाज जमतो की नाही हे तेवढ्यात दोघांनाही कळतं आणि जुन्या व्हिडिओचे ते नव्वद शब्द दुसरीकडे वापरता येत नाहीत.

पानशेतचा व्हिडिओ आल्यावर मी तो स्क्रिप्ट समोर ठेवून पाहिला. नऊ ठिकाणी त्याने माझे शब्द बदलले होते. 'तग धरला'च्या जागी तो 'टिकून राहिलं' म्हणाला, 'तथापि' दोनदा गाळलं, आजींच्या हंड्याच्या वाक्याआधी मी लिहिलेली प्रस्तावना पूर्ण सोडली आणि तिथे दोन सेकंद नुसता गप्प राहिला. त्या नऊ नोंदी त्याच्या नावाच्या फाइलमध्ये उतरवून ठेवल्या. पुढच्या स्क्रिप्टला त्याने तीनच शब्द बदलले.