तुलना-तक्त्यातली बरोबरची खूण अटीसकट लिहावी
कोल्हापुरात कांदा-लसूण मसाला विकणाऱ्याने स्पर्धकांचा तुलना-तक्ता करताना पाकिटावरची किंमत जशीच्या तशी उतरवू नये. समजा, शेजारच्याचे 200 ग्रॅमचे पाकीट 110 रुपयांना आणि आपले 250 ग्रॅमचे 130 रुपयांना असेल, तर आपले महाग दिसते, पण किलोमागे त्याचा भाव 550 आणि आपला 520 रुपये पडतो. ‘घरपोच’च्या रकान्यात दोघांनाही बरोबरची खूण मिळत असली, तरी त्याची सेवा 500 रुपयांपुढच्या खरेदीवरच असेल, तर ती अट खुणेशेजारीच लिहावी. जिथे विचारून खात्री केलेली नाही, तिथे प्रश्नचिन्ह ठेवावे. फुली मारण्याचा मोह बहुधा आपल्याच सोयीचा असतो. भाव पाहिल्याची तारीखही नोंदवावी, कारण मिरचीचा नवा हंगाम आला की दर हलतात.