‘पुढच्या मंगळवारी’ म्हणजे नक्की कधी?

रेकॉर्ड केलेल्या कॉलचा सारांश लिहिताना सगळ्यात वर कॉलची तारीख आणि वार लिहा. मोजणी तिथून करायची, तुम्ही लिहायला बसलात त्या दिवसापासून नाही.

समजा, दादरच्या छापखान्याशी गुरुवारी, २८ ऑगस्ट २०२५ रोजी बोलणं झालं आणि सारांश तुम्ही सोमवारी, १ सप्टेंबरला लिहिताय. छापखानेवाले म्हणाले, “पैसे महिनाअखेर द्या.” सोमवारपासून मोजलंत तर ३० सप्टेंबर येईल, म्हणजे महिनाभराची चूक. त्यांचा अर्थ ३१ ऑगस्ट. तोही रविवार, त्यामुळे आदल्या दिवशी की सोमवारी, हे विचारावंच लागतं.

“प्रूफ पुढच्या मंगळवारी” हे जास्त फसवं. गुरुवारी बोलणाऱ्याच्या मनात २ सप्टेंबर असेल किंवा ९. ‘येत्या मंगळवारी’ म्हटलं असतं तर २ धरायला हरकत नव्हती. अशा वेळी रेकॉर्डिंग थोडं पुढे ऐका. “गणपती विसर्जन झाल्यावर” असं काही निघालं तर ९ तारीख ठरते, कारण अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला होती. काहीच सापडलं नाही तर एक तारीख स्वतः ठरवू नका.

सारांशात मूळ शब्दही ठेवा: “प्रूफ ‘पुढच्या मंगळवारी’ (२ की ९ सप्टेंबर, विचारायचं)”.

‘परवा’ आला की क्रियापद बघा. “परवा पाठवलं” म्हणजे २६ ऑगस्ट, “परवा पाठवतो” म्हणजे ३०.