सुफ्ले ओव्हनमध्ये फुगतो आणि बाहेर काढला की बसतो? या चुका टाळा

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते. सुफ्ले बसतोच. कुणाचाही बसतो, अगदी मोठ्या हॉटेलातल्या शेफचाही. माझ्या क्लासला येणाऱ्या मुली फोटो पाठवतात, "ताई परत बसला" म्हणून, आणि त्यातल्या निम्म्या फोटोत काहीच चुकलेलं नसतं, नुसता बोटभर खाली आलेला असतो. पण उरलेल्या निम्म्यांत मधे खड्डा, आत ओला चिखल आणि तळाला रबरासारखा थर असतो, आणि हे सगळं टाळता येतं, म्हणून आज लिहायला बसले.

सुफ्ले फुगतो कशाने हे नीट कळलं की अर्ध्या चुका आपोआप थांबतात. अंड्याच्या फेटलेल्या पांढऱ्यात हवेचे बारीक बुडबुडे असतात, ते तापले की हवा पसरते हे सगळ्यांना माहीत असतं. पण नुसत्या हवेच्या पसरण्याने फार तर पाव भाग वाढ मिळेल. खरं काम वाफ करते. मिश्रणातलं पाणी गरम होऊन त्याची वाफ त्याच बुडबुड्यांमध्ये शिरते आणि त्यांना फुगवते, आणि हे चालू असताना अंड्यातलं प्रोटीन हळूहळू घट्ट होऊन बुडबुड्यांच्या भिंती पक्क्या करतं. बाहेर काढलं की वाफेचं परत पाणी होतं, हवा आकसते, मग भिंती जेवढ्या पक्क्या झाल्या असतील तेवढीच उंची टिकते. म्हणजे दोनच प्रश्न उरतात, बुडबुडे किती वाचले आणि भिंती किती शिजल्या. बाकी दार उघडलं, कुणी मोठ्याने बोललं, नाशिक उंचावर आहे, ही कारणं मला सांगू नका. नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास, पाणी जेमतेम दोन डिग्री आधी उकळतं, त्याने कुणाचा सुफ्ले पडत नाही.

आता ती कॅफेची गोष्ट. कॉलेज रोडच्या बाजूला एक कॅफे, त्यांच्या मालकांनी मला बोलावलं, म्हणाले ताई चीज सुफ्ले मेनूवर टाकलाय पण टेबलवर जाईपर्यंत खड्डा पडतो, गिऱ्हाईक परत पाठवतं. किचनमधला मुलगा हुशार होता, हात भराभर चालत होता. मी म्हटलं, रोज करतोस तसाच माझ्यासमोर कर, मी मधे बोलणार नाही.

व्हाइट सॉस सकाळीच करून फ्रीजमध्ये ठेवलेला, थंडगार, चमचा उभा राहील इतका घट्ट. पांढरं मशीनवर लावलं आणि दुसऱ्या कामाला गेला, परत येईपर्यंत ते कोरडं पडलेलं, कापसाच्या गोळ्यांसारखं, कडेने पाणी सुटायला लागलेलं. त्याने भांडं उलटं करून दाखवलं, म्हणाला "बघा मॅडम, एकदम परफेक्ट, पडत नाही". मग सगळं पांढरं एकदम सॉसवर ओतलं आणि बीटर एक नंबरवर लावून फिरवला. गोळे फुटेनात म्हणून अजून फिरवला. सुरुवातीला भांडं काठोकाठ होतं, संपेपर्यंत निम्म्यावर आलं. ते निम्मं म्हणजे हवा गेली, एवढं साधं आहे. मग ओटीजी २२० वर, वरचा रॉड चालू, दहा मिनिटांत वरून सोनेरी, टोपीसारखा वर आला, आणि काढल्यावर बघता बघता मधोमध खचला.

सगळ्यांचा गोंधळ इथेच होतो, की हवा गेली होती तर फुगला कसा? फुगला कारण थोडे बुडबुडे उरले होते आणि २२० ला वाफ जोरात झाली. पण वरचा रॉड जवळ असल्याने पापुद्रा लवकर लाल झाला, रंग बघून त्याने बाहेर काढला, आत मात्र कच्चं. मी चमच्याने मधून कापून दाखवला. वर मोठी पोकळी, मधे पातळ, तळाला दोन बोटं जाड पिवळा थर, म्हणजे सॉस पांढऱ्यात मिसळलाच नव्हता, जड म्हणून खाली बसला होता. तुमचा सुफ्ले बसला तर टाकून द्यायच्या आधी असा मधून कापून बघा. तळाला थर असेल तर फोल्डिंग, म्हणजे फेस सॉसमध्ये हलक्या हाताने मिसळणं, चुकलं, सगळीकडे सारखंच ओलं असेल तर वेळ कमी पडला, आणि पूर्ण शिजलेला पण बुटका आणि दाट असेल तर फोल्ड करताना हवा मारली.

त्या मुलाला मी जे करायला लावलं तेच इथे लिहिते. माप माझं नेहमीचं आहे, २५ ग्रॅम बटर, २५ ग्रॅम मैदा, २०० मिली दूध, ३ पिवळे बलक, ४ पांढरे, ७५ ग्रॅम किसलेलं चीज, यात मध्यम आकाराचे चार-पाच रॅमिकिन होतात. बटरमध्ये मैदा परतायचा, दूध घालून सॉस घट्ट करायचा, गॅस बंद करून जरा निवला की बलक आणि चीज. मीठ चाखून घाला, आपलं प्रोसेस्ड चीज आधीच खारट असतं. आणि सॉस कोमट असताना वापरायचा. फ्रीजमधला असेल तर मंद गॅसवर चमचाभर दूध घालून फिरवत सैल करून घ्या, चमच्यावरून जाडसर धारेने पडला पाहिजे. गरम नको, गरम सॉसमध्ये पांढऱ्याचा फेस लगेच ढासळतो.

पांढरं फेटताना माझी थांबायची जागा अशी, की बीटर वर उचलला की टोक उभं राहतं पण शेंड्याला किंचित वाकतं, आणि फेस चकचकीत दिसतो. चकाकी गेली की थांबायला उशीर झाला. त्यापुढे फेटलं तर प्रोटीन एकमेकांना इतकं घट्ट धरतं की मधलं पाणी पिळून बाहेर येतं, आणि गोळे होतात. आणि गोळे झाले की ते सॉसमध्ये मिसळायला जास्त वेळा ढवळावं लागतं, तेवढ्यात उरलेली हवाही जाते. फोल्डिंग बिघडलं म्हणून लोक हाताला दोष देतात पण ते बिघडलेलं असतं त्याच्या आधीच, फेटताना. चार पांढऱ्यांना अर्धा छोटा चमचा लिंबाचा रस घालते मी सुरुवातीला, त्याने हे पाणी सुटणं लांबतं. भांडं स्टीलचं घ्या, प्लास्टिकच्या डब्यात फेटू नका, त्याला तेलाचा अंश चिकटून राहतो आणि फेस धरत नाही. बलकाचा थेंब पडला तर तेच. अंडी फ्रीजमधून काढल्या काढल्या फोडून वेगळी करा, थंड असताना बलक फुटत नाही, मग पांढरं थोडा वेळ बाहेर राहू द्या.

आता फोल्डिंग, आणि इथे मी घाई अजिबात चालवून घेत नाही. पांढऱ्याचा पहिला तिसरा भाग सॉसमध्ये घाला आणि व्हिस्कने सरळ ढवळून टाका, बिनधास्त. हा भाग गेला असंच समजायचं, तो हवेसाठी नाहीच, सॉस हलका करायला आहे. जड सॉस आणि हलका फेस एकमेकांत जातच नाहीत, दोघांचा दाटपणा जवळ आणावा लागतो, आणि ही एक पायरी गाळणारेच सगळ्यात जास्त रडत येतात. मग उरलेलं पांढरं दोन वेळा विभागून. रबरी स्पॅच्युला उभा धरून मधोमध तळापर्यंत कापत न्यायचा, तळ खरवडत आपल्याकडे आणायचा, भांड्याच्या कडेने वर काढून खालचा सॉस फेसावर हलकेच पलटायचा, आणि दुसऱ्या हाताने भांडं पाव वळण फिरवायचं. परत मधोमध. गोल गोल ढवळायचं नाही, वरून दाबायचं नाही, आणि दर वेळी तळापर्यंत जायचं, कारण सॉस तिथेच लपून बसतो. भांडं पसरट घ्या, खोल पातेल्यात हात फिरत नाही.

थांबायचं कधी? पांढऱ्याच्या एक-दोन पुसट रेघा दिसत असताना. "अजून थोडं, एकसारखं दिसू दे" हा मोह सगळ्यांना होतो, आणि त्या शेवटच्या चार-पाच फेऱ्यांत खूप काही जातं. स्पॅच्युलावर उचललेलं मिश्रण ढिगासारखं राहून सावकाश घसरायला हवं. डोशाच्या पिठासारखं सरळ वाहत असेल तर हवा गेलेली आहे आणि आता बेकिंग पावडर घालून काही वाचणार नाही. खरं तर ती चिमूटभर बेकिंग पावडरची युक्ती मला मुळीच आवडत नाही, त्याने भराभर मोठे बुडबुडे होतात, फुटतात, आणि चवीला केकसारखं काहीतरी लागतं.

भरल्यावर रॅमिकिनचा काठ बोटाने पुसून घ्या, काठाला मिश्रण चिकटलं की त्या बाजूने सुफ्ले अडतो आणि तिरका वाढतो. मग लगेच ओव्हनमध्ये.

ओव्हनबद्दल. ओटीजी १९० वर किमान पंधरा मिनिटं आधी तापवा, ट्रेसकट, म्हणजे तळाला लगेच उष्णता लागते. खालचा रॅक वापरा आणि दोन्ही रॉड असतील तर वरचा बंद ठेवा, शेवटी रंगासाठी दोन मिनिटं लावला तर चालतो. बऱ्याच ओटीजींची नॉब खरं तापमान दाखवत नाही, आत ठेवायचा छोटा थर्मामीटर मिळतो तो घ्या. माझ्याकडे मध्यम रॅमिकिनला चौदा ते सोळा मिनिटं लागतात. रंगावर विश्वास ठेवू नका. ट्रे हलकेच हलवा, सगळा सुफ्ले एकत्र थरथरला तर झाला, नुसता मधला भाग पाण्यासारखा हलत असेल तर अजून दोन-तीन मिनिटं. हे बघायला शेवटी शेवटी दार उघडलं तर काही होत नाही, फक्त छोट्या ओटीजीत उष्णता पटकन जाते म्हणून उघडून उभं राहू नका आणि पहिली दहा मिनिटं तरी धीर धरा.

त्या कॅफेत दुसरी बॅच आम्ही अशीच केली. सॉस कोमट करून, पांढरं चकचकीत असतानाच थांबवून, हाताने फोल्ड, १९० वर खालच्या रॅकला. पहिल्याइतका उंच नाही आला, मुलगा जरा हिरमुसला. पण बाहेर काढल्यावर काही मिनिटांत बोटभर खाली आला आणि तिथेच थांबला, कापला तर वरपासून तळापर्यंत सारखा मऊ. त्यांना मी एवढंच सांगितलं की आता ऑर्डर आल्यावरच ओव्हनमध्ये घाला आणि गिऱ्हाइकाला आधीच वीस मिनिटं सांगा, प्लेट तयार ठेवून वेटरला ओव्हनजवळ उभा करा.

आणि नीट फोल्ड केलेला सुफ्ले पाहुण्यांना उशीर झाला म्हणून बसला असेल तर फेकू नका. बशीत उलटा काढून वर थोडं चीज किसून परत १९० वर आठ-दहा मिनिटं ठेवा, बुडबुड्यांत परत वाफ भरते आणि तो बराचसा वर येतो. पहिल्या उंचीला जात नाही, पण मी घरी पाहुणे असले की मुद्दाम असाच दोनदा भाजते.